एआयच्या प्रतिमांत लपलेले ओळखीचे ब्रँड: आठ महिन्यांच्या तपासणीचा अनुभव

जळगावात माझे जाहिरात आणि पॅकेजिंगच्या डिझाइनचे छोटे काम आहे. केळीचे वेफर, पापड, मसाले, डाळ आणि ठिबकचे साहित्य विकणारे व्यापारी हे माझे बहुतेक ग्राहक. गेल्या वर्षापासून जाहिरातींतली पार्श्वभूमी आणि प्रसंगचित्रे मी एआयकडून तयार करून घेतो. अशी प्रतिमा ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी तिच्यात एखाद्या नामांकित ब्रँडशी नकळत साम्य आले आहे का, हे पाहण्यासाठी मी आठ महिन्यांपासून तीन साधने वापरत आहे: गूगल लेन्स, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा branddb.wipo.int हा मोफत शोध आणि भारतीय ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाचा सार्वजनिक शोध. ही साधने कुठे उपयोगी पडली आणि कुठे कमी पडली, ते इथे लिहीत आहे.

सुरुवातीला मी पूर्ण प्रतिमा लेन्सला देत असे आणि काही सापडले नाही की निश्चिंत होत असे. ती चूक होती. पूर्ण प्रतिमा दिल्यावर शोध प्रसंगाकडे पाहतो, म्हणजे टपरी, चहा पिणारी माणसे, मागचे शेत यांच्याकडे, आणि तशाच प्रसंगांची छायाचित्रे समोर ठेवतो. मुलाच्या बुटावरच्या तीन तिरक्या पट्ट्या त्याच्या लेखी नगण्य असतात. टिनआयसारखा शोध तर या कामाला जवळजवळ निरुपयोगी ठरला, कारण तो एकाच छायाचित्राच्या प्रती शोधतो आणि एआयने काढलेली खूण कशाचीही हुबेहूब प्रत नसते. ती अर्धवट वितळल्यासारखी असते. अक्षरे वाचता येत नाहीत, वळणे चुकलेली असतात, क्वचित ती आरशात दिसावी तशी उलटी असते. यंत्राला ती ओळखता येत नाही, पण माणूस मात्र क्षणात ओळखतो. माझ्या दृष्टीने या कामातली खरी अडचण हीच आहे.

म्हणून आता मी प्रतिमा दोनशे टक्के मोठी करून डावीकडून उजवीकडे पट्ट्यापट्ट्याने पाहतो आणि जिथे खूण असण्याची सवय आपल्या डोळ्यांना आहे अशा प्रत्येक जागेचा तुकडा कापतो. बूट, टोपी, शर्टाची छाती, घड्याळ, मोबाइलची मागची बाजू, फ्रिजचे दार, गाडीची जाळी, बाटली आणि मागच्या फळीवरची पाकिटे या त्या जागा. एआयने शिकताना या वस्तू बहुधा खुणांसहितच पाहिलेल्या असाव्यात, त्यामुळे न सांगताही तो तिथे काहीतरी काढतो. ‘लोगो नको’ असे सूचनेत लिहिण्याचा मला भरवशाचा उपयोग झालेला नाही. कापलेला तुकडा आधी सरळ आणि मग आडवा उलटवून लेन्सला देतो. उलटवण्याला दहा सेकंद लागतात, पण दोन वेळा मोबाइलच्या पाठीवरचे चावलेले सफरचंद केवळ त्यामुळे लक्षात आले.

तपासणी केव्हा करायची, हे मी एका फ्लेक्सवरून शिकलो. मूळ प्रतिमा 1024 पिक्सेल रुंद होती आणि ती वीस फूट रुंदीच्या फलकावर जाणार होती. हिशोब केला तर अशा फलकावर एक पिक्सेल सुमारे सहा मिलिमीटरचा होतो. म्हणजे पडद्यावर चाळीस पिक्सेलचा, डागासारखा दिसणारा टी-शर्टवरचा ठिपका फलकावर जवळजवळ चोवीस सेंटिमीटरचा, वीतभरापेक्षा मोठा. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, छपाईसाठी प्रतिमा मोठी करणारे सॉफ्टवेअर नुसते ताणत नाही, तर तपशील स्वतः भरते. मूळ प्रतिमेत ज्याला मी कापडाची घडी समजलो होतो, ती मोठी केल्यावर नाइकीच्या खुणेसारखी स्वच्छ वळणदार झाली. फलक छापायला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ते दिसले. तेव्हापासून एक तपासणी मूळ प्रतिमेची आणि दुसरी छपाईला जाणाऱ्या अंतिम फाइलची, अशा दोन तपासण्या मी करतो.

तरीही या सगळ्या खुणा सोप्याच म्हणायच्या, कारण त्या दिसल्या की पुसता येतात. कठीण प्रकार वेगळा आहे आणि तो रावेर तालुक्यातल्या एका केळी वेफरवाल्यांच्या कामात समोर आला. त्यांना दुकानाच्या ओट्यावर बसलेले कुटुंब आणि मध्ये त्यांचे पाकीट, असे चित्र हवे होते. पाकिटाचे डिझाइन अजून पक्के नव्हते, म्हणून मी सूचनेत फक्त पिवळे पाकीट आणि लाल पट्टा एवढेच लिहिले. जे चित्र आले ते सुंदर होते. पाकिटाच्या मध्यभागी फिकट पिवळा गोल होता, त्यावरून लाल फीत आडवी, किंचित उसळून गेली होती आणि फितीवर पांढऱ्या रंगात वाचता न येणारी चार-पाच अक्षरे होती. लेन्सला तो तुकडा दिल्यावर पहिल्याच रांगेत लेजची पाकिटे आली.

ग्राहकांना मी ते दाखवले तेव्हा ते म्हणाले, “दादा, नाव वेगळं आहे, माल वेगळा आहे, आपली केळी आहे. यात काय अडचण?” त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मला नीट द्यायचे होते. म्हणून आधी branddb.wipo.int वर शोध घेतला. तिथे चित्र देऊन शोधता येते आणि साम्य कशावरून मोजायचे, आकारावरून, रंगावरून की एकूण कल्पनेवरून, तेही निवडता येते. छायाचित्रातला तुकडा जसाच्या तसा दिला तर सावल्या आणि चुरगळ्यांमुळे निकाल भरकटतात. म्हणून गोल आणि फीत यांची सपाट बाह्यरेषा पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढून ती दिली. शोध भारतापुरता आणि ट्रेडमार्क नोंदणीतल्या मालाच्या वर्ग 29 पुरता मर्यादित केला. बटाट्याचे आणि केळीचे वेफर दोन्ही याच वर्गात येतात, त्यामुळे ‘माल वेगळा’ हा मुद्दा तिथेच ढासळला. निकालांची यादी लांबलचक असते, पण पहिल्या दोन पानांपुढे उपयोगाचे काही मला अद्याप सापडलेले नाही.

‘नाव वेगळे आहे’ या मुद्द्यावर मी त्यांना पार्लेच्या बिस्किटांचा खटला सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल 1972 मध्ये दिला. पार्लेच्या वेष्टनावर बादली घेतलेली मुलगी, गाई, कोंबड्या, मागे घर आणि झाडे असे चित्र होते. म्हैसूरच्या उत्पादकाच्या वेष्टनावर डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा असलेली मुलगी होती, आणि गाई, कोंबड्या, घर, झाडे तशीच होती. उत्पादकाचे नाव वेगळे आणि मुलीच्या हातातली वस्तूही वेगळी. तरी न्यायालयाने म्हटले की दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात; एक वेष्टन नेहमी घेणारा माणूस दुसरे समोर आल्यावर त्यालाच पहिले समजेल इतके एकूण साम्य आहे का, हे पाहायचे असते. निकाल पार्लेच्या बाजूने लागला. ट्रेडमार्क कायदा त्यानंतर बदलला आणि आज 1999 चा कायदा लागू आहे, पण फसवे साम्य पाहण्याची ही दृष्टी कायम राहिली आहे.

हे समजल्यावर साधनांची मर्यादा मला स्पष्ट झाली. शोधयंत्र दोन चित्रे शेजारी ठेवून मोजते. कायदा गिऱ्हाइकाच्या अर्धवट आठवणीला विचारतो. म्हणून मी एक साधी चाचणी जोडली. पाकिटाचे चित्र खऱ्या मापात छापायचे, जाहिरातीशी संबंध नसलेल्या किराणा दुकानदाराला गल्ल्याच्या पलीकडून दोन-तीन सेकंद दाखवायचे आणि काय आठवते ते विचारायचे. अमळनेरच्या एका दुकानदारांना हे पाकीट दाखवले तेव्हा ते मागच्या लटकत्या माळांकडे वळून म्हणाले, “पाचवालं देऊ का दहावालं?” त्यांनी हात बटाट्याच्या वेफरच्या माळेकडे नेला होता. वेफरवाले शेजारीच उभे होते. त्यानंतर त्यांना मला काही सांगावे लागले नाही.

दुरुस्ती करताना मी आधी फितीचा रंग हिरवा केला, मग गोल अंडाकृती केला. दोन्ही वेळा लेन्सने तीच पाकिटे दाखवली, कारण सांगाडा तोच होता: मध्यभागी गोल आणि त्याला छेदणारी फीत. शेवटी तो सांगाडाच काढून टाकला. पाकिटाच्या वरच्या बाजूने केळीचे पान तिरके उतरते, नाव खाली डाव्या कोपऱ्यात येते आणि मधला भाग मोकळा राहतो, असे डिझाइन हाताने बांधले. आता एआयकडून मी पाकीट काढूनच घेत नाही. प्रसंगात पांढरे, कोरे पाकीट मागतो आणि त्यावर ग्राहकाचे खरे डिझाइन बसवतो. आठ महिन्यांत केलेला हा सर्वांत उपयोगी बदल आहे. त्याने तपासणीचे काम जवळजवळ निम्म्यावर आले.

भारतीय नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात मला चित्र देता आले नाही; आकृती शोधण्यासाठी व्हिएन्ना या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला संकेतांक टाकावा लागला. या वर्गीकरणात आकृत्यांचे 29 गट आहेत आणि धान्ये, बिया, फळे 5.7 खाली येतात. संकेतांक शिकायला मला आठवडा लागला, आणि एकाच आकृतीला दोन-तीन संकेतांक लागू शकत असल्याने एका शोधावर थांबता येत नाही. पण जागतिक शोधाने दाखवलेल्या चिन्हाची भारतातली आजची स्थिती, म्हणजे ते नोंदलेले आहे, आक्षेपात आहे की सोडून दिलेले आहे, हे पडताळायला मला ही जागा सर्वांत भरवशाची वाटते. शोध संथ चालतो. संध्याकाळपेक्षा सकाळी मला बरा अनुभव आला.

एक काळजी आवर्जून सांगतो. ग्राहकाचे बाजारात न आलेले पूर्ण पाकीट मी कोणत्याही सार्वजनिक शोधाला देत नाही. संशयित तुकडाच देतो, त्यावर नाव असेल तर झाकून देतो. प्रत्येक प्रतिमेसोबत मूळ फाइल, कापलेले तुकडे, निकालांचे तारखेसह स्क्रीनशॉट आणि काय बदलले याची दोन ओळींची नोंद एका फोल्डरमध्ये ठेवतो. काम सोपवताना पत्रात काय तपासले ते लिहितो आणि पाकिटाच्या मुख्य चिन्हासाठी ट्रेडमार्क वकिलाकडून वेगळा शोध घ्यावा, असेही लिहितो. माझी तपासणी त्याची जागा घेत नाही. साध्या प्रतिमेला अर्धा तास आणि गर्दीच्या बाजारचित्राला दीड तास लागतो. हा वेळ मी आता दरपत्रकात वेगळा दाखवतो आणि कारण समजावल्यावर एकाच ग्राहकाने तो नाकारला.

न सुटलेली अडचण स्थानिक ब्रँडची आहे. भुसावळ, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार इथे गाजलेले कितीतरी मसाले आणि पापड कुठेही नोंदलेले नाहीत, तरी वर्षानुवर्षांच्या वापरामुळे त्यांना नक्कल रोखण्याचा हक्क मिळू शकतो, आणि यांपैकी बरेचसे तिन्ही साधनांना ठाऊक नाहीत. त्यासाठी मी बाजाराच्या दिवशी दुकानदारांना विचारून फळ्यांचे फोटो काढतो आणि गावानुसार ठेवतो. नंदुरबारच्या मिरची पुडीच्या कामात गेल्या महिन्यात हेच फोटो उपयोगी पडले: एआयने काढलेली लाल पिशवी आणि तिच्यावरची जुळी मिरची शहाद्याच्या एका जुन्या पुडीशी जुळत होती, आणि लेन्सवर तिचा मागमूसही नव्हता.