‘बाईंनी फळा पुसला’ की ‘बाईंनी फळा पुसले’?

आदरार्थी रूप निवडायच्या प्रश्नात हे दोन पर्याय शेजारी आले, की पुष्कळ जण दुसऱ्यावर खूण करतात. बाईंना मान द्यायचा, मग क्रियापद अनेकवचनी हवं, असा त्यांचा हिशेब असतो. तो ‘बाई आल्या’, ‘बाई फळा पुसतात’ इथे अगदी बरोबर आहे, कारण तिथे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. व्यक्ती एकच असली तरी ‘आली’ आणि ‘पुसते’ ही रूपं तिथे खटकतात.

‘पुसला’मध्ये मात्र गणित बदलतं. कर्त्याला तृतीया लागली, आणि क्रियापद कर्माच्या मागे गेलं. फळा पुल्लिंगी, एकवचनी, म्हणून ‘पुसला’. पाटी असती तर ‘पुसली’, दोन फळे असते तर ‘पुसले’. मग आदर कुठे गेला? तो ‘बाईंनी’मध्ये आहे. ‘बाईने फळा पुसला’ म्हणून बघा, मान लगेच नाहीसा होतो. तेव्हा पहिलाच पर्याय बरोबर.

निवडताना मी आधी कर्त्याचा प्रत्यय बघतो. ‘ने’ किंवा ‘नी’ दिसला, की आदर प्रत्ययात तपासायचा आणि क्रियापद कर्माशी जुळवायचं. प्रत्यय नसेल तर विशेषणही पाहा: ‘आमची बाई आल्या’ अर्धवट आहे, ‘आमच्या बाई आल्या’ हवं.

‘तुम्ही’ला हा प्रत्यय दिसतच नाही. तिथे ‘तुम्ही पत्र वाचलंत का?’ यातला शेवटचा ‘त’ कर्त्याची खूण सांभाळतो, आणि ‘वाचलं’ पत्राशी जुळलेलं राहतं.