पॉवर बीआयचा गेटवे: पर्सनल घ्यावा की स्टँडर्ड?

पॉवर बीआय डेस्कटॉपवर रिपोर्ट व्यवस्थित रिफ्रेश होतो आणि क्लाउडवर पब्लिश केल्यावर मात्र रिफ्रेश अडतो. यात पासवर्ड बहुतेक वेळा बरोबरच असतो, अडतो तो रस्ता. ऑफिसमधल्या डेटाबेसचा `192.168.1.20` हा पत्ता ऑफिसच्या भिंतीबाहेर कुणालाच ठाऊक नसतो आणि फायरवॉल बाहेरून आलेल्याला आत घेत नाही. गेटवे ही अडचण उलट बाजूने सोडवतो. तो आतल्याच एका मशीनवर बसतो, स्वतःहून बाहेर क्लाउडशी जोडलेला राहतो, तिथे आलेली क्वेरी उचलतो, डेटाबेसला विचारतो आणि उत्तर परत पाठवतो. त्यामुळे फायरवॉलमध्ये आत येणारा एकही पोर्ट उघडावा लागत नाही.

इथपर्यंत पर्सनल आणि स्टँडर्ड दोन्ही सारखेच. फरक आहे तो गेटवे कुणाच्या नावावर चालतो, यात.

पर्सनल मोड लावायला सोपा, हे मान्यच करावं लागेल. एकट्याने रिपोर्ट बनवायचे असतील, डेटा इम्पोर्ट करून दिवसातून एकदोनदा ताजा करायचा असेल, तर तो पुरतो. डायरेक्टक्वेरी, म्हणजे डेटा इम्पोर्ट न करता दर वेळी थेट डेटाबेसला विचारणं, त्यात चालत नाही आणि तो सहकाऱ्याला वापरायला देता येत नाही. ज्यांना या दोन्हींची गरज नाही, त्यांना हे खटकणारही नाही.

मला खटकतं ते वेगळंच. पर्सनल मोड हा लॉगिन केलेल्या माणसाच्या सेशनमध्ये चालणारा प्रोग्रॅम आहे. स्क्रीन लॉक केली तर चालतं, पण संध्याकाळी साइन आउट केलं की गेटवेही गेला. रात्री विंडोज अपडेट होऊन मशीन रीस्टार्ट झालं, तरी कुणी लॉगिन करेपर्यंत तो उठत नाही. आणि रिफ्रेश तर सकाळी ६ ला लावलेला असतो, कारण लोक यायच्या आत आकडे ताजे हवेत! १० वाजता माणूस येतो, लॉगिन करतो, हाताने रिफ्रेश देतो आणि सगळं सुरळीत चालतं. त्यामुळे दोष सापडत नाही. रिफ्रेश हिस्टरीत पहाटेचे फेल आणि दिवसाचे पास अशी जोडी दिसली, तर आधी हेच तपासा. सलग ४ वेळा फेल झालं की पॉवर बीआय शेड्यूलच बंद करतं, मग आकडे शिळे होत राहतात.

स्टँडर्ड मोड विंडोज सर्व्हिस म्हणून `NT SERVICE\PBIEgwService` या खात्यावर चालतो. मशीन सुरू झालं की तोही सुरू, कुणी लॉगिन करो वा न करो. त्यासाठी अ‍ॅडमिन हक्क लागतात आणि कायम चालू राहणारं मशीन लागतं. झोपी जाणारा लॅपटॉप किंवा डोमेन कंट्रोलर नको. इन्स्टॉल करताना तुम्ही ठरवलेली रिकव्हरी की मात्र जपून ठेवा. मशीन बदलायची वेळ आली की तिच्याशिवाय तोच गेटवे नव्या मशीनवर उभा करता येत नाही.

स्टँडर्डची स्वतःची एक खोड आहे, आणि बहुतेक जण तिथेच वैतागून पर्सनलकडे वळतात. समजा डेस्कटॉपमध्ये सर्व्हर `192.168.1.20` असा टाकलाय आणि गेटवेच्या कनेक्शनमध्ये त्याच सर्व्हरचं नाव `ACCSRV`. मशीन एकच, पण पॉवर बीआय नावं जुळवून बघतं, मशीन नाही. मग पब्लिश झालेल्या डेटाच्या, म्हणजे सिमँटिक मॉडेलच्या सेटिंग्जमध्ये गेटवे ऑनलाइन दिसूनही ते कनेक्शन निवडायला मिळत नाही. डेस्कटॉपमध्ये Data source settings उघडा, Change Source मध्ये `ACCSRV` करा आणि पुन्हा पब्लिश करा. डेटाबेसचं नावही दोन्हीकडे एकसारखंच हवं.

तरीही अडलं आणि डेटाबेस SQL सर्व्हरचा असेल, तर गेटवेच्याच मशीनवर पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Test-NetConnection ACCSRV -Port 1433
```

`TcpTestSucceeded : False` आलं, तर अडचण ऑफिसच्या आतच आहे, क्लाउडला दोष देऊ नका. (SQL सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती बऱ्याचदा १४३३ वर नसते, तिचा पोर्ट आधी बघून घ्या.) `True` आलं आणि गेटवे ऑफलाइन दिसतोय, तर बाहेर जाणारा रस्ता बघा: गेटवेच्या अ‍ॅपमधली Diagnostics मधली Network ports test लगेच सांगते. त्यात फक्त ४४३ पास होत असेल, तर Network मध्ये HTTPS mode चालू करा.

नावांची ही जुळवाजुळव एकदाच करावी लागते, साइन आउट मात्र रोज संध्याकाळी होतं. म्हणून रिपोर्ट दुसरं कुणी बघणार असेल, तर माझा कल स्टँडर्डकडे आहे. अ‍ॅडमिन हक्क मिळेपर्यंत पर्सनलवर काम भागवायचं असेल, तर निदान रिफ्रेशची वेळ तुम्ही जागेवर असता तेव्हाची ठेवा.