ब्लेझर की जाड कॉटनचा शर्ट? साइटवरच्या इंटरव्ह्यूला काय घालायचं
एसी ऑफिसात इंटरव्ह्यू असेल तर ब्लेझर घाला, विषय संपला. पण साइट इंजिनिअरचा इंटरव्ह्यू उन्हात, धुळीत साइटवरच असेल तर माझं मत सरळ फुल बाह्यांच्या कॉटन शर्टला. पॉलिस्टर घाम शोषत नाही, अंगाला चिकटतं, आणि काळ्या ब्लेझरवर धूळ लगेच दिसते, खाकी किंवा राखाडी रंगावर तेवढी नाही. सगळ्यात महत्त्वाचे बूट, कारण बोलता बोलता साइट फिरवतात आणि गुळगुळीत सोलचे फॉर्मल शूज खडीवर घसरतात, म्हणून पकड असलेले, पाय पूर्ण झाकणारे घाला. टाय, ओढणी नकोच, मशीनमध्ये अडकू शकते. शर्ट मात्र इस्त्रीचा, इन केलेला हवा.