भरतकामाला चुन्या पडल्या: इस्त्री करावी, ओलं ताणून वाळवावं की उसवावं?

रिंगमधून कापड काढल्यावर फुलाभोवती सुरकुत्या दिसल्या की पहिला हात इस्त्रीकडे जातो. मी म्हणेन, दोन मिनिटं थांबा. चुनी कशाने पडली आहे, यावर उपाय ठरतो.

कॅसमेंटच्या कुशन कव्हरचं उदाहरण घेऊ. मधे भरीव टाक्याचं कमळ, बाजूने देठाच्या टाक्याची वेल. काम पूर्ण होईपर्यंत कापड ८ इंची रिंगमध्ये आवळलेलं, आणि सैल वाटलं की कोपरे धरून ओढलेलं. कोपऱ्यात ओढलं की कापड उरेब ताणलं जातं, आणि उरेबात ते सगळ्यात जास्त लांबतं. पाकळ्या भरल्या तेवढा भाग टाक्यांनी त्या ताणातच धरून ठेवला. रिंग सुटल्यावर भोवतालचं कापड मूळ मापावर आलं आणि कमळ पापडासारखं फुगलं. वेलीची गोष्ट उलटी आहे. तिथे दर टाक्याला दोरा करकचून ओढला गेला, त्यामुळे दोरा आखूड आणि कापड जास्त झालं. नाडी ओढल्यासारखं ते वेलीवर गोळा होतं.

ओळखायचं असं: सुती काम असेल तर त्या भागावर पाण्याचा हलका फवारा मारा आणि कापड उभ्या-आडव्या धाग्याच्या सरळ रेषेत हळूच ताणा. चुनी निघाली, तर दोष रिंगच्या ताणाचा. दोरा तारेसारखा ताठ होऊन कापड गोळाच राहिलं, तर दोष दोऱ्याच्या ओढीचा.

आता निवड. चुनी हलकी असेल, बोटाने सपाट होत असेल, तर उलट्या बाजूने इस्त्री पुरते. टर्किश टॉवेल दुहेरी घालून त्यावर काम पालथं ठेवा, म्हणजे टाके टॉवेलच्या लवेत बुडतात आणि त्यांचा उठाव टिकतो. सुलट बाजूने दाबलं तर भरीव टाके चपटे होतात. वर ओलसर सुती रुमाल घाला आणि इस्त्री उचलून ठेवा, सरकवू नका. सरकवल्याने ओलं कापड पुन्हा तिरकं ओढलं जातं. छपाईच्या खुणा मात्र आधी धुऊन काढा. पुसल्या जाणाऱ्या निळ्या पेनची रेघ उष्णतेने पक्की बसू शकते.

कमळासारखा फुगवटा इस्त्रीने दबतो, पण बऱ्याचदा पुन्हा वर येतो. तिथे मी ओलं ताणून वाळवण्यालाच कौल देते. त्याला एक दिवस लागतो, पण पूर्ण भिजल्यावर कापडाचे धागे सैल होऊन नव्याने बसतात. आधी रंग तपासा: मागच्या दोऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून धरा. लाल किंवा गडद निळ्याचा डाग उतरला तर भिजवणं रद्द. पक्का असेल तर गार पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. थर्मोकोलवर कोरडा टॉवेल पसरून काम सुलट बाजू वर ठेवा. न गंजणाऱ्या टाचण्या आधी चार बाजूंच्या मध्यावर, मग तिथून कोपऱ्यांकडे साधारण इंचा-इंचावर लावा. कोपरा मात्र ओढायचा नाही. पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढू नका. कापड न धुता घेतलेलं असेल तर ते या भिजवण्यात आटू शकतं आणि चुनी वाढते.

वेलीला या दोन्हींचा उपयोग नाही. आखूड पडलेला दोरा वाफेने लांबत नाही. पण उसवण्याआधी काम उलटं करून बघा. एका फुलावरून दुसऱ्यावर नेलेला मोकळा दोरा बऱ्याचदा तिथेच ताठ असतो. तो मधोमध कापला की कापड लगेच सैल पडतं. दोन इंचाच्या दोऱ्याची दोन टोकं इंचभराचीच उरतात, ती ओवून मग सुई घालता येत नाही. म्हणून रिकामी सुई आधी मागच्या टाक्यांखालून घाला, नेढं जेमतेम बाहेर ठेवा, मग टोक नेढ्यात ओवून सुई ओढा. कापूनही वेल गोळाच राहिली तर तेवढीच उसवा. बारीक कात्रीने मागून टाके कापून चिमट्याने तुकडे काढा. उरलेली भोकं सुईच्या टोकाने उभं-आडवं घासून, वाफ देऊन बुजतात. या कव्हरवर मी आधी वेल उसवून पुन्हा भरली असती, मगच सगळं भिजवून ताणलं असतं. उलट क्रमाने केलं तर आवळलेली वेल ताणू देत नाही.

कामात जरीचा दोरा असेल तर पाणी आणि वाफ दोन्ही टाळा, मंद कोरड्या इस्त्रीने पालथं, रुमालावरून दाबा. आरशाच्या कामात टॉवेलच्या चार घड्या घ्या आणि इस्त्रीचा भार आरशांवर पडू देऊ नका.