रॅम वाढवावी, एक्स्टेन्शन काढावी की ॲक्सिलरेशन बंद करावं?

ब्राउझर उघडला की अख्खा कॉम्प्युटर गोठतो, म्हणून माझा मावसभाऊ रॅम विकत घ्यायला निघाला होता. लॅपटॉप ८ जीबीचा, त्यामुळे संशय रास्तच होता. मी त्याला एवढंच विचारलं, "गोठतो तेव्हा गाण्याचा आवाज चालू राहतो का रे?" तो म्हणाला, "हो, चित्र तेवढं थांबतं. मग स्क्रीन काळी होऊन परत येते."

ही खूण मेमरीची नाही. मेमरी भरली की विंडोज जुना मजकूर डिस्कवर ढकलू लागतं. मग सगळंच हळूहळू जड होतं, आवाज अडखळतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांच्या आसपास दिसते. टॅब बंद करत गेलं की जीव परत येतो. असं होत असेल तर रॅमवर पैसे घालणं योग्य. त्याआधी क्रोमचा मेमरी सेव्हर मात्र चालू करून पाहा, तो फुकट आहे.

भावाकडे व्हिडिओ फुल स्क्रीन केला की एका झटक्यात गोठायचं. हार्डवेअर ॲक्सिलरेशनमध्ये व्हिडिओ उलगडायचं आणि पान रंगवायचं काम ब्राउझर ग्राफिक्स चिपकडे देतो. त्याच चिपचा ड्रायव्हर विंडोजची सगळी स्क्रीन सांभाळतो, म्हणून तो अडकला की ब्राउझरबरोबर बाकीचंही थांबतं. विंडोज साधारण २ सेकंद वाट पाहून ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं आणि तशी नोंद ठेवतं. Event Viewer उघडून Windows Logs मधल्या System मध्ये पाहिलं, तर गोठण्याच्या वेळेलाच 4101 क्रमांकाची नोंद होती.

`chrome://settings/system` इथे ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू केला. गोठणं थांबलं, पण व्हिडिओचा भार सीपीयूवर आला, पंखा घोंगावू लागला आणि बॅटरी लवकर उतरू लागली. त्यामुळे हा मला कायमचा उपाय वाटत नाही, निदान म्हणून उत्तम. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर नव्याने टाकला, ॲक्सिलरेशन परत चालू केलं, आणि आता ठीक चाललंय. तरीही गोठलंच असतं, तर मी ते बंदच ठेवलं असतं.

एक्स्टेन्शन सहसा एकट्याने कॉम्प्युटर पाडत नाही. ते मेमरी किंवा सीपीयू खातं आणि त्रास त्या वाटेने येतो. क्रोममध्ये Shift+Esc दाबलं की प्रत्येकाचा खप वेगळा दिसतो. इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन मुळात बंद असतात, तिथेही गोठलं तर संशय दुसरीकडे न्या. फायरफॉक्सचा ट्रबलशूट मोड मात्र एक्स्टेन्शन आणि ॲक्सिलरेशन दोन्ही एकदम बंद करतो. तिथे सगळं सुरळीत चाललं, तरी दोघांपैकी दोषी कोण ते कळत नाही. एकेक वेगळं बंद करूनच पाहावं लागतं.

भावाने रॅमचा बेत सोडला.