वन-ऑन-वनच्या नोंदी: दर मीटिंगची वेगळी फाइल की एकच सलग फाइल?

मॅनेजर आणि कर्मचारी या दोघांच्याच वन-ऑन-वन मीटिंगचं रेकॉर्डिंग होतंच आहे, मग नोंदी कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण रेकॉर्डिंग कायमचं नसतं. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये कंपनीच्या ॲडमिनने सेटिंग बदललं नसेल तर त्याची मुदत १२० दिवसांची असते. ९ एप्रिलला ठरलेली उद्दिष्टं ऑक्टोबरच्या मिड-इयर रिव्ह्यूआधी पुन्हा ऐकायला जाल, तर ती फाइल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच निघून गेलेली असेल. ट्रान्सक्रिप्टवरही विसंबता येत नाही. आपण निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत बोलतो आणि सेटिंग सहसा एकाच भाषेचं असतं, त्यामुळे नेमकी मराठीतली वाक्यं विचित्र होऊन उमटतात. दोघं एकाच लॅपटॉपसमोर बसला असाल तर दोघांचंही बोलणं बऱ्याचदा एकाच नावावर पडतं. तेव्हा नोंद हाताने लिहावी लागतेच. ती कुठे लिहायची, एवढंच ठरवायचं आहे.

दर मीटिंगची वेगळी फाइल करणं सोपं पडतं. तारीख टाकली, चार मुद्दे लिहिले, मेल केला, झालं. शिवाय ती फाइल नंतर कोणी बदलत नाही, म्हणून एखाद्या दिवशी काय ठरलं याचा पुरावा म्हणून ती चांगली. अडचण येते ती मदतीच्या आश्वासनांची. उद्दिष्टं कंपनीच्या सिस्टीममध्ये चढवलेली असतात, फीडबॅक आपल्या लक्षात राहतो, पण मॅनेजरने कबूल केलेलं काम एका फाइलमध्ये पडून राहतं आणि पुढच्या फाइलमध्ये त्याचा उल्लेखच येत नाही. ते कोणी नाकारलेलं नसतं आणि केलेलंही नसतं.

सलग फाइलमध्ये ताजी मीटिंग सर्वांत वर येते आणि तिच्याही वर ‘बाकी’ असा एक भाग असतो. पुण्यातल्या एका सपोर्ट टीमचं उदाहरण घेऊ. टीममधल्या मुलीला लीड व्हायचंय, पण रात्रीच्या शिफ्टमुळे क्लायंटसोबतच्या बैठकांना हजर राहता येत नाही. मॅनेजर म्हणाले, “बघतो, जूनपासून तुला रोटामधून काढायचा प्रयत्न करतो.” त्याची नोंद अशी व्हावी:

बाकी: रात्रीच्या रोटामधून काढणे. मॅनेजर: “जूनपासून प्रयत्न करतो” (९ एप्रिल, रेकॉर्डिंग १४:२०). आधी लागेल: बदली माणूस. पुन्हा विचारायचं: १४ मे.

इथे क्रियापद बोलल्याप्रमाणेच ठेवलंय. लिहिताना ‘प्रयत्न करतो’चं ‘करणार’ फार पटकन होतं, आणि मग जूनमध्ये दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असून वाद होतो. रेकॉर्डिंगचा खरा उपयोग हाच: त्याच संध्याकाळी तेवढं अर्धं मिनिट ऐकून शब्द पडताळून घ्यायचे. १४ मे रोजी बदली माणूस मिळाला नसेल तर जुनी तारीख पुसायची नाही, तिच्यापुढे ‘जुलै, भरती रखडली’ असं लिहायचं. एकाच ओळीत तीन तारखा साचल्या, की काहीतरी अडलंय हे न बोलता दिसतं. तेव्हा सरळ विचारावं, “हे होणार आहे का?” ‘होणार नाही’ असं उत्तर आलं तरी ते लिहून ओळ बंद करावी, त्या मुलीला निदान दुसरी टीम शोधायची की नाही हे ठरवता येतं.

सलग फाइलचा एक धोका मात्र खरा आहे. मॅनेजर बदलला की अख्खी फाइल नव्या माणसाच्या हाती जाते. आजारपण, घरची अडचण, सहकाऱ्याबद्दलची तक्रार यांतलं काही तिथे असता कामा नये. असा विषय निघाला की आधी रेकॉर्डिंग थांबवायला सांगा, आणि नोंदीत फक्त त्यातून ठरलेली सोय लिहा: ‘दर बुधवारी चारनंतर उपलब्ध नाही’. कारण लिहायची गरज नसते. ही शिस्त दोघांना जमणार नसेल, तर वेगळ्या फाइल्स बऱ्या, कारण त्यातली एखादी आपल्यापाशी ठेवून बाकीच्या देता येतात.

माझं मत विचाराल तर बढती, शिफ्ट, ट्रेनिंग असं महिनोन्महिने चालणारं काही मागत असाल, तर सलग फाइलच ठेवा. संबंध ताणलेले असतील, प्रकरण एचआरकडे जाण्याची शक्यता असेल, तर वेगळी फाइल आणि त्याच दिवशी मेल. तिथे न बदललेल्या मजकुराला जास्त वजन असतं.

कोणतीही पद्धत घेतलीत तरी लिहायचं कर्मचाऱ्याने आणि दोन दिवसांत वाचून दुरुस्ती सुचवायची मॅनेजरने, असं मला वाटतं. मॅनेजरकडे सात-आठ जणांच्या नोंदी असतात आणि तुमची रोटाची ओळ त्यांच्या यादीत खाली सरकत जाते. फाइल मात्र दोघांना उघडता येईल अशी आणि कंपनीच्याच ड्राइव्हवर ठेवा; कंपनीतलं बोलणं स्वतःच्या खासगी खात्यावर उतरवून ठेवणं बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही.