‘तुमचीच कंपनी का?’ तपशील अहवालातून घ्यावा की कामातून?

‘आपल्यासारख्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन’ हे वाक्य कव्हर मेलमध्ये ठेवायचं नाही, इथपर्यंत बहुतेक जण आपले आपण येतात. अडतं ते त्यापुढे. कौतुक काढलं की तिथे कंपनीबद्दलचा खरा तपशील हवा, आणि तो दोन ठिकाणांहून मिळतो. एक म्हणजे कंपनीचे उघड कागद: वार्षिक अहवाल, रेटिंगचं टिपण, बातम्या. दुसरं म्हणजे कंपनी जे काम करते ते काम: जाहिरातीतली एखादी ओळ, हातात घेऊन पाहिलेला पार्ट, आपण स्वतः सोडवलेली तीच अडचण. भोसरीतल्या मशीन शॉपमधून चाकणला क्वालिटीत जाताना मी दोन्ही प्रकारचे मेल पाठवले. मोजदाद केलेली नाही, पण कोणत्या मेलवर पुढे कसं बोलणं झालं ते चांगलं लक्षात आहे.

वेबसाइटचं ‘आमच्याविषयी’ हे पान मी यात धरत नाही. ते कंपनीनेच स्वतःचं कौतुक करायला लिहिलेलं असतं. त्यातलं वाक्य उचललं की आपण त्यांचंच कौतुक त्यांना परत पाठवतो.

कागदांची बाजू आधी सांगतो, कारण ती वाटते त्याहून भक्कम आहे. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर वार्षिक अहवाल सहज मिळतो. त्यातलं अध्यक्षांचं पत्र सोडून द्यावं आणि ‘मॅनेजमेंट डिस्कशन’चा भाग वाचावा. कोणता धंदा वाढला, कोणता मागे पडला, पैसा कुठे घालणार आहेत, हे तिथे बऱ्यापैकी सरळ लिहिलेलं असतं. आपल्याकडे भोसरी, चाकण, रांजणगावच्या बऱ्याच कंपन्या मात्र प्रायव्हेट लिमिटेड आहेत, त्यांचा अहवाल असा हाती लागत नाही. तिथे एक गोष्ट फार उपयोगी पडते आणि ती पुष्कळांना माहीत नसते. कंपनीने बँकेचं कर्ज घेतलेलं असेल आणि त्याचं रेटिंग करून घेतलं असेल, तर क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या संस्था त्या रेटिंगची कारणमीमांसा आपल्या साइटवर खुली ठेवतात. कंपनीचं नाव आणि पुढे `rating rationale` टाकून शोधलं की दोन-चार पानांचं टिपण निघतं. किती ग्राहकांवर धंदा अवलंबून आहे, नवा प्लांट कुठे होतोय, कच्च्या मालाचा भाव कितपत जाचतोय, हे बाहेरच्या माणसाने लिहिलेलं असतं. त्यात स्तुती नसते, म्हणून मजकूर कामाचा. फक्त नावापुढे `ISSUER NOT COOPERATING` असा शेरा दिसला तर ते टिपण बाजूला ठेवावं. कंपनीने माहितीच दिलेली नाही आणि जुन्या आधारावर लिहिलंय, असा त्याचा अर्थ.

मी नेमकं असंच एक टिपण वाचून एका कास्टिंग कंपनीला मेल केला होता. लिहिलं होतं की आपण दुसरं युनिट उभारत आहात, नवी लाइन बसवताना क्वालिटीची घडी सुरुवातीपासून नीट बसवायला मला आवडेल. मुलाखतीला बोलावलं. प्लांट हेड सज्जन माणूस होते. मेलची प्रिंट समोर ठेवून म्हणाले, “हे दुसऱ्या युनिटचं तुम्हाला कुणी सांगितलं? ते तर आम्ही पुढे ढकललं.” टिपण अकरा महिन्यांपूर्वीचं होतं. मी तारीख पाहिली होती, पण वर्षाच्या आतलं आहे म्हणून चालेल असं धरलं होतं. त्यांनी विषय बदलला, मीही सावरून घेतलं, पण मेलमधलं माझं एकमेव कारण त्या एका वाक्यात संपलं. नवं युनिटच नाही, तर मग तुमचीच कंपनी का, याला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

पारडं फिरवलं ते या खटक्याने. कागदावरचा तपशील खरा असला तरी तो कंपनीच्या धंद्याचा असतो, माझ्या टेबलावरच्या कामाचा क्वचितच असतो. तो कधी बदलेल हे मला कळत नाही, आणि बदलला की माझ्या हातात काही उरत नाही. दुसरं म्हणजे मेल उघडणाऱ्या एचआरला किंवा क्वालिटी हेडला ते टिपण ठाऊक असेलच असं नाही. त्यांच्या रोजच्या डोकेदुखीशी त्याचा संबंध लागला नाही, तर ‘अभ्यास केलाय’ एवढंच त्यांना जाणवतं.

कामाच्या तपशिलाची गोष्ट वेगळी. पुढच्या वेळी मी दुसऱ्या एका कंपनीची जाहिरात घेऊन बसलो. अॅल्युमिनियमच्या प्रेशर डाय कास्टिंगची हाउसिंग बनवणारी, मशीनिंगही स्वतःच करणारी. जाहिरातीत ‘8डी’, ‘पीपीएपी’, ‘टीममध्ये काम करण्याची तयारी’ वगैरे होतंच, ते सगळ्या जाहिरातींत असतं. पण खाली एक ओळ वेगळी होती: लीक टेस्टमध्ये नापास झालेल्या पार्टचं पृथक्करण करून डाय कास्टिंग विभागाला कळवणे. ही ओळ नमुन्यातून उतरवलेली नव्हती, कुणीतरी गरजेपोटी घातलेली होती.

या कामात असलेल्याला त्या ओळीमागची अडचण लगेच दिसते. प्रेशर डाय कास्टिंगमध्ये वरची कातडी घट्ट असते आणि पोरोसिटी, म्हणजे बारीक पोकळ्या, आत दडलेल्या असतात. मशीनिंगमध्ये ती कातडी निघाली की पोकळ्या उघड्या पडतात आणि पार्ट लीक होतो. तोवर त्यावर मशीनचा वेळ, टूल, कामगार सगळं खर्च झालेलं असतं. मशीन शॉप म्हणतं कास्टिंग खराब, कास्टिंगवाले म्हणतात तुम्ही जास्त खाल्लंत. मधल्या माणसाची जागा भरायची होती.

मग मी हा परिच्छेद लिहिला. मेल इंग्रजीतच गेला, इथे त्याचा आशय मराठीत देतो:

> आपल्या जाहिरातीत लीक टेस्टमधले नापास पार्ट तपासून डाय कास्टिंग विभागाला कळवण्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे कास्टिंग आणि मशीनिंग एकाच आवारात असल्याने हे काम मूळ कारणापर्यंत नेता येतं, म्हणून मी आपल्याकडे अर्ज करत आहे. सध्याच्या ठिकाणी कास्टिंग बाहेरून येतं. एका हाउसिंगवर आम्ही लीक होणाऱ्या जागा प्रत्येक पार्टवर खडूने खुणावल्या, तेव्हा बहुतेक एकाच बोअरच्या कडेला निघाल्या. तिथला मशीनिंग अलाउन्स दीड मिलिमीटरवरून 0.8 वर आणल्यावर लीक कमी झालं. पण डायमध्ये बदल सुचवायला आम्हाला सप्लायरकडे महिनोन्महिने वाट पाहावी लागते.

सहा वाक्यं. ‘अग्रगण्य’, ‘प्रतिष्ठित’ असला एकही शब्द नाही, तरी कंपनीबद्दलची एक बरी गोष्ट त्यात आलेली आहे: दोन्ही विभाग एकाच आवारात असणं. ती स्तुती वाटत नाही, कारण ती मला का हवी आहे ते त्याच वाक्यात सांगितलंय. तपशील आणि मी यांच्यामध्ये ‘म्हणून’ हा शब्द सरळ बसतो. युनिटच्या मेलमध्ये तो नुसता ठोकून बसवला होता.

इथे एका ठिकाणी फार सांभाळावं लागतं. खडूच्या खुणांची पद्धत सांगितली, पण ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, रिजेक्शनचा आकडा मी लिहिला नाही. तो आताच्या मालकाचा माल आहे. जो माणूस तो मेलमध्ये टाकतो तो उद्या आपलाही टाकेल, असं वाचणाऱ्याच्या मनात येतं. आणि ‘आपल्याकडे लीकचं प्रमाण जास्त आहे असं ऐकलं’ हे तर कधीच लिहू नये. आत काम करणाऱ्या मित्राने चहाच्या टपरीवर सांगितलं असेल, तर त्या माहितीचा उपयोग जाहिरात नीट वाचण्यासाठी करावा. मेलमध्ये फक्त जाहिरातीत छापलेलंच यावं.

या मेलवर फोन थेट क्वालिटी मॅनेजरचा आला. पहिला प्रश्न होता, “खुणा ड्राय टेस्टला केल्या की पाण्यात बुडवून?” पाण्यात, कारण नुसता प्रेशर ड्रॉप पाहून लीक आहे एवढंच कळतं, बुडबुडा कुठून येतो ते कळत नाही. वीस मिनिटं आम्ही एवढंच बोललो. पगाराचा विषय एचआरने नंतर काढला.

कामाची वाट सगळ्यांना सोयीची आहे असं मात्र म्हणवत नाही. अकाउंट्स, खरेदी, सेल्स यांतल्या माणसासाठी रेटिंगचं टिपण हेच कामाचं कागदपत्र असू शकतं. कच्च्या मालाचा भाव ग्राहकाकडून वसूल व्हायला वेळ लागतो असं त्यात लिहिलं असेल, तर खरेदीवाल्याला तिथेच धागा मिळाला. जाहिरात सात-आठ ओळींची, सगळी साच्यातली असेल तर कामातला तपशील मिळत नाही, तेव्हा कागदाकडे वळावंच लागतं. फक्त तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर ‘उभारत आहात’ असं ठामपणे न लिहिता ‘अमुक महिन्याच्या टिपणात वाचलं’ असं लिहावं. मी तेवढं केलं असतं, तर प्लांट हेडचा तो प्रश्न निदान वेगळ्या सुरात आला असता.

फ्रेशरचं काय, हा प्रश्न माझ्या भाचीने विचारला. डिप्लोमा नुकताच झालाय, रांजणगावच्या एका कंपनीला अर्ज करत होती. “मामा, मी कुठे काही सोडवलंय? मी आपला त्यांचा नवा प्रोजेक्टच लिहिते ना.” तिचा मसुदा पाहिला, बातमीतलं एक वाक्य आणि पुढे ‘मी मेहनती आहे’. मी विचारलं, “ट्रेनिंगला सहा आठवडे होतीस तिथे रोज काय करायचीस?” म्हणाली, “गेज तपासून रजिस्टर भरायचे. एकदा स्नॅप गेज झिजलेला सापडला, तो मी बाजूला काढून सरांना दाखवला.” त्या कंपनीच्या जाहिरातीत गेज कॅलिब्रेशनची नोंद ठेवणं हे काम लिहिलेलंच होतं. बातमी काढली, गेजची हकीकत दोन वाक्यांत घातली. नव्या प्रोजेक्टचं वाक्य तिला आवडलं होतं, ते तिने शेवटी राहू दिलं, आणि बातमीचा महिनाही लिहिला.